लाल पट्टीची ट्यूब

आमच्या दुकानात ती ट्यूब कुणी नावानं मागत नाही. 'तोंडाला लावायची ती द्या' म्हणतात, नाहीतर मोबाइलमधला फोटो पुढं करतात, नाहीतर पर्समधून शेवटच्या थेंबापर्यंत गुंडाळत आणलेली रिकामी ट्यूब काढून काउंटरवर ठेवतात. सांगलीत विश्रामबागेत आमचं औषधाचं दुकान आहे. मी फार्मासिस्ट. काउंटरमागं उभं राहून मला अठरा वर्षं झाली. डोकेदुखीची गोळी लोक मोठ्यानं मागतात, ही ट्यूब मागताना मात्र आवाज खाली येतो. आणि हे आधीच सांगून टाकते, की त्या अठरा वर्षांतली पहिली काही वर्षं मीही ती चिठ्ठी न बघता दिली आहे. सगळेच देत होते, हे कारण मी आता स्वतःलाही देत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या मावसबहिणीची मुलगी दुकानात आली. तेवीस वर्षांची, एम.कॉम. झालेली, माधवनगरला राहते, मला मावशी म्हणते. तोंडाला ओढणी बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. आपल्याकडं गाडीवरून येताना मुली ओढणी बांधतातच, म्हणून मला काही वाटलं नाही. पण आत येऊन पंख्याखाली उभी राहिली तरी तिनं गाठ सोडली नाही. "मावशी, एवढं गिऱ्हाईक जाऊ दे," म्हणाली. गिऱ्हाईक गेलं. मग तिनं ओढणी सोडली.

दोन्ही गाल चुलीपुढं तासभर बसल्यासारखे लाल. त्या लालीत बारीक बारीक शिरा, वहीत लाल पेनानं मारलेल्या रेघांसारख्या. हनुवटीवर पुळ्या, सगळ्या एकाच मापाच्या, जणू एकाच दिवशी उगवलेल्या. जबड्याच्या कडेला लव नव्हे, केस. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "आग होते गं. नळाचं पाणी मारलं तरी होते."

मी एवढंच विचारलं, "कुठली ट्यूब?" तिनं पर्समधून काढली. डावीकडं लाल उभी पट्टी होतीच. ती पट्टी म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं औषध. पण ही पट्टी गिऱ्हाइकाला कुणी कधी समजावून सांगितलेली नसते. ट्यूबवर तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. तिसरं नाव स्टिरॉईडचं.

सुरुवात झाली होती डिसेंबरात. पाहुणे बघायला आले होते. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण विचारून झालं. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की फोटोत मुलगी उजळ वाटली होती. नकार असा कुणी दिला नाही, नुसता हा निरोप. आईनं तो मुलीला सांगितला नाही, पण शेजारच्या वहिनींना सांगितला, आणि वहिनींनी आपली अर्धी वापरलेली ट्यूब आणून दिली. "पंधरा दिवस रात्री लाव. मग मला सांग."

आता जे सांगायचं आहे ते नीट सांगते, कारण सगळी गोम तिथं आहे. ट्यूबनं काम केलं. खरंच केलं. भोंदू क्रीम असती, काहीच झालं नसतं, तर पोरीनं महिन्यात टाकून दिली असती. ही औषधाची ट्यूब आहे, आणि औषध लागू पडतं.

तिन्ही औषधं तीन कामं करतात. आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. काळ्या माणसात त्या जास्त आणि गोऱ्यात कमी, असं नसतं, संख्या जवळपास सारखीच. फरक असतो तो त्या बनवतात त्या रंगकणांच्या आकारात आणि ते कसे पसरतात त्यात. हायड्रोक्विनोन हा रंग तयार करणारं एन्झाइम अडवतं. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर सोलून काढतं आणि बाकीच्या दोघांना आत शिरायला वाट करून देतं. या दोघांनी कातडी चुरचुरते, लाल होते, म्हणून ती शांत ठेवायला तिसरं स्टिरॉईड. ही तिकडी पहिल्यांदा क्लिगमन नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं १९७५ साली मांडली. ती होती वांगासारख्या डागांसाठी. वांगाला आजही अशी तिकडी देतात, पण डागापुरती, मोजून काही आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली. अमेरिकेत जी तिकडी मंजूर आहे तिला आठ आठवड्यांची मर्यादा आहे, आणि तिच्यातलं स्टिरॉईड आपल्याकडच्या मोमेटासोनपेक्षा बरंच सौम्य आहे. योगायोग असा की १९७५ सालीच आपल्याकडं ती सगळ्यांना ठाऊक असलेली गुलाबी गोरेपणाची क्रीम बाजारात आली. ते औषध नव्हतं. २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. काउंटरवर मात्र मागणारे तेच राहिले.

तर पहिले आठ दिवस तिला थोडं चुरचुरलं, नाकाशेजारी पापुद्रे सुटले. तिसऱ्या आठवड्यात पुळ्या गेल्या, चेहरा काचेसारखा गुळगुळीत झाला आणि रंग उतरला. स्टिरॉईड लावलं की कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मागं हटतं आणि ती जागा फिकी पडते. स्टिरॉईड मलमाची ताकद मोजायची प्रयोगशाळेतली पद्धतच ही आहे. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन या दोघांनी ती सांगितली: निरोगी माणसाच्या हातावर मलम लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. जितकी पांढरी, तितकं मलम जहाल. मी हे कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या पोरीच्या चेहऱ्याकडं बघताना कळलं, की जानेवारीत मिरजेच्या एका साखरपुड्यात सगळ्या आत्या-मावश्यांनी जिचं कौतुक केलं ती हीच खूण होती. औषध किती जहाल आहे त्याचं माप त्या डोळ्यांनी घेत होत्या आणि त्याला तेज म्हणत होत्या. मीही त्या साखरपुड्यात होते. मीही म्हटलं होतं, "काय गं, छान दिसतेयस."

यावर मी खूप विचार केला आहे. टोमणा मारला तर माणूस चिडतो, रडतो, निदान त्याला कळतं की आपल्याला मारलं. कौतुकाशी भांडता येत नाही. त्या एका संध्याकाळी दहा जणींनी तिला सांगितलं की तू आता बरी दिसतेस, म्हणजे आधी नव्हतीस. मग ट्यूब बंद कोण करेल?

आपल्या भाषेतही हे मुरलेलं आहे. 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस.' तो 'तरी' बघा. 'गोरी असली तरी' असं कुणी म्हणत नाही. स्थळांच्या वहीत 'निमगोरी' हा शब्द लिहिला जातो, आणि तो लिहिणारी आई खोटं बोलत नसते, ती मुलीला त्या 'तरी'तून वाचवू पाहत असते. माझ्या स्वतःच्या बायोडेटात माझ्या आईनं 'गव्हाळ' लिहिलं होतं. गहू कुठला, खपली की लोकवन, हे मी तेव्हा विचारलं नाही.

फेब्रुवारीपासून पोरीची ट्यूब लवकर संपू लागली. पहिले दोन महिने महिन्याला एक, पुढं पंधरा दिवसाला एक. मी दुकानातच कागदावर हिशेब मांडला: दोन आणि बारा, चौदा ट्यूबा, पंधरा ग्रॅमची एक, म्हणजे दोनशे दहा ग्रॅम. आणि तेही तोंडावर. हाताच्या कातडीतून स्टिरॉईड जेवढं आत शिरतं त्याच्या साधारण सहा पट कपाळातून शिरतं आणि जबड्याच्या कोपऱ्यातून तेरा पट. म्हणजे हातावर जे मलम बेतास बात, तेच गालावर जहाल होतं. कातडी पातळ होत जाते. आतलं धरून ठेवणारं कोलॅजन कमी होतं, म्हणून शिरा वर दिसू लागतात. केस उगवतात. पुळ्या येतात, आणि त्या एका मापाच्या असतात ही स्टिरॉईडच्या पुळ्यांची खूण.

मे महिन्यात ती कोकणात मैत्रिणीच्या लग्नाला गेली आणि ट्यूब घरी विसरली. दुसऱ्या दिवशी तोंड तापलं, तिसऱ्या दिवशी मिरची चोळल्यासारखं झालं. आकसून धरलेल्या रक्तवाहिन्या औषध सुटताच एकदम फुलतात, त्यानं हे होतं. तिला वाटलं, ऊन बाधलं. घरी येऊन ट्यूब लावली आणि तासाभरात शांत. इथं ती पुरती अडकली. कारण तिच्या अनुभवानं तिला हेच शिकवलं, की माझा चेहरा खराब आहे आणि ही ट्यूब तो बरा करते. दुखणं देणारं आणि दुखणं थांबवणारं एकच असलं, की माणूस त्याचा हात सोडत नाही. जूननंतर उन्हात जाणं बंद, गॅसजवळ उभं राहणं बंद. एका ऑफिसात नोकरीची मुलाखत होती, ती चुकवली. लग्नासाठी तोंड उजळायला निघालेली पोर तोंड दाखवेनाशी झाली.

डॉक्टर या चेहऱ्याला टॉपिकल स्टिरॉईड डॅमेज्ड फेस म्हणतात. भारतात तो इतका दिसू लागला की त्वचातज्ज्ञांच्या संघटनेनं त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि २०१८ साली केंद्र सरकारनं लावायच्या चौदा स्टिरॉइडांची सवलत काढून ती चिठ्ठीच्या यादीत घातली. तोवर 'वरून लावायचं' म्हणून त्यांना सूट होती. कायदा झाला, पण चिठ्ठी मागणाऱ्या दुकानाशेजारी न मागणारं दुकान असतंच.

तिचा धाकटा भाऊ त्याच आठवड्यात मला भेटला. एकोणीस वर्षांचा, वर्षभर जिमला जातोय. घरात दोघांचं चाललेलं बघा: तिनं फिकं व्हायचं, त्यानं जाड व्हायचं. त्याच्या दंडाभोवती वडील कौतुकानं टेप धरतात. तो मला एका इंजेक्शनबद्दल विचारायला आला होता, 'व्यायामाआधी घेतात ते'. नाव त्यानं हळूच सांगितलं: मेफेंटरमाइन. मणक्यात भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. ऑपरेशनच्या टेबलाचं औषध. थकवा कळत नाही, म्हणून जिममध्ये मुलं ते मारतात, आणि निरोगी पोराच्या छातीत धडधड आणि रक्तदाब चढतो. मी त्याला काउंटरच्या आत बसवून हे सांगितलं. तालमीत आमचे आजोबाही जायचे, पण तालमीतलं शरीर कुस्ती करण्यासाठी होतं, दुसऱ्याला पाडता आलं की झालं. याचं शरीर आरशासाठी आणि फोटोसाठी आहे, आणि फोटो कधीच 'झालं' म्हणत नाही. त्यानं विचारलं, "आणि जिममध्ये काहीजण स्टिरॉईड घेतात, ते आणि ताईची ट्यूब एकच का?" नाही, एक नाही. स्नायू वाढवायला घेतात ते पुरुषी हार्मोनच्या जातीचं, बाहेरून ते मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. तिचं सूज दाबणाऱ्या जातीचं. औषधं वेगळी, पण सोडल्यावर शरीर उलटतं ते दोन्हीकडं.

पोरीला मी मिरजेला त्वचातज्ज्ञ बाईंकडं घेऊन गेले, तिची आईही आली. जाण्याआधी मी आणखी एक विचारून घेतलं होतं: बिनलेबलची डबी कधी लावलीस का? पार्लरात पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या मिळतात, ना कंपनी, ना घटक. त्यांत पारा असू शकतो. पारा रंग अडवतो हे खरं, पण तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडात बसतो. आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत अशा क्रीममधल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखात एक भाग, तीही चुकून आलेल्या पाऱ्यासाठी. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती: एकाच घरातली आई आणि दोन मुली, तिघींची मूत्रपिंडं बिघडलेली, आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध लागला तो ओळखीच्या ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीमपर्यंत. पारा डोळ्यांना दिसत नाही, वासानं कळत नाही. पायावर सूज आणि लघवीला न मोडणारा फेस, एवढंच माणसाला घरी दिसतं, मग लघवीतलं प्रथिन तपासायचं. आमच्या पोरीनं डबी लावली नव्हती. तरी बाईंनी लघवी तपासली, ती ठीक निघाली.

बाईंनी तिला खिडकीशी उभं केलं. "बाही वर कर." दंडाची आतली बाजू, जिथं ऊन पोचत नाही, ती गालाशेजारी धरायला सांगितली. "हा तुझा रंग. जन्माचा. उन्हानं चेहरा याच्यापेक्षा काळवंडतो, तो सांभाळला तर इथपर्यंत परत येतो. याच्या पुढं नेतो म्हणणारं काही असलं तर ते कातडी बिघडवून नेतं." हळदीचंही मी तिथंच विचारून घेतलं, कारण सांगलीचं माणूस हळदीशिवाय रंगाबद्दल बोलू शकत नाही. आमच्याकडं हळदीचा बाजार, हरिपुरात हळद साठवायची पेवं होती. हळद कातडी पिवळी करते, धुतली की जाते, मूळ रंग हलवत नाही. नवरीला हळद लावताना ती उजळते असं वाटतं ते त्या पिवळ्या झाकेमुळं.

मग उपचार. ट्यूब बंद. काही डॉक्टर सौम्य स्टिरॉईडवर आणून हळूहळू सोडवतात, बाईंनी थेट बंद केली आणि सूज दाबायला स्टिरॉईड नसलेलं टॅक्रोलिमसचं मलम दिलं. तेही सुरुवातीला झोंबतं, हे आधीच बजावलं. गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बाकी तोंडाला काही नाही: बेसन नाही, लिंबू नाही, वाफ नाही. आणि दर रविवारी सकाळी त्याच खिडकीत एक फोटो. "पहिले पंधरा दिवस आत्तापेक्षा वाईट दिसेल. तेव्हा ट्यूब आठवेल. तेव्हा फोन करायचा," असं बाई म्हणाल्या.

दहाव्या दिवशी फोन आला, पण मला, आणि पोरीचा नाही, आईचा. पोरीचा चेहरा सुजला होता, पाणी सुटत होतं. "अगं, चार दिवस लावू दे की तिला. रविवारी कऱ्हाडचे पाहुणे यायचेत." मी ओरडले नाही. मलाही भीती वाटत होतीच. मी म्हटलं, आत्ता लावली तर उद्या शांत होईल, आणि हे दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून काढावे लागतील, आणि पुढच्या वेळी पंधरा. फोनवर मागून पोरीचा आवाज आला, "आई, पाहुण्यांना नको म्हणून कळव." तिच्या आईनं कळवलं. काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

सात आठवड्यांनी आग थांबली. पुळ्या चौथ्या महिन्यात बसल्या. केस कमी झालेत. गालावरच्या काही शिरा अजून आहेत, त्या कदाचित तशाच राहतील किंवा लेझर करावं लागेल. रविवारचे फोटो तिनं मला ओळीनं दाखवले, सव्वीस. पहिल्यात लाल, मधे लाल-काळपट, आणि शेवटच्यात चेहरा आणि गळा एका रंगाचे. गळा ती विसरली होती. आठ महिने चेहरा एक आणि गळा एक, असे दोन रंग घेऊन ती फिरत होती आणि कुणाला ते विचित्र वाटलं नव्हतं.

मी आता चिठ्ठीशिवाय ती ट्यूब देत नाही. काही गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जातात, मला काउंटरवरून दिसतं. जी थांबतात त्यांना दोनच प्रश्न विचारते: किती महिने झाले, आणि दोन रात्री नाही लावली तर काय होतं? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक बायका गप्प होतात आणि हात आपोआप गालावर जातो.

गेल्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन होता.

"लग्न होईपर्यंत साधं काहीतरी लावायला चालेल का गं तिला?"

"सनस्क्रीन लावतेच आहे. तेच चालू ठेव."

"त्यानं उजळते?"

"नाही."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन ठेवला. मग म्हणाली, "सनस्क्रीनची ट्यूब संपत आलीय म्हणत होती. येताना एक घेऊन ये."